दहाचा चहा, सात रुपये नफा? आधी पातेलं मोजा!

‘दहा रुपयांचा चहा. तीन रुपये खर्च, सात रुपये नफा. दिवसाला तीनशे कप म्हणजे एकवीसशे रुपये. महिन्याला त्रेसष्ट हजार! मग नोकरी कशाला करता?’

मोबाईलवर फिरणारं हे गणित एव्हाना तुम्हीही पाहिलं असेल. सांगणारा सहसा एखाद्या टपरीपुढे उभा असतो, मागे पातेल्यातून वाफ निघत असते आणि खाली शेकडो लोक ‘एकदम बरोबर’ म्हणून मोकळे झालेले असतात. एरवी मी अशा गोष्टींवर लिहायच्या भानगडीत पडत नाही. पण गेल्या काही महिन्यांत नाशिकमधल्या आमच्या मोहल्ल्यांत हे गणित जास्तच फिरू लागलंय. २०२७चा सिंहस्थ जवळ आला आहे. बारावी किंवा आयटीआय करून बसलेली मुलं द्वारका, सारडा सर्कल, नाशिकरोड अशा जागा हेरू लागली आहेत. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने चहाच्या गाडीसाठी दीड लाख उभे करायचं ठरवलं आहे आणि त्याच्याकडे आधार काय, तर हेच त्रेसष्ट हजार. म्हणून हा लेख.

आपल्या भाषेतच एक गडबड आहे. मराठीत आपण ‘कमाई’ म्हणतो आणि त्यात गल्ल्यात पडलेला पैसाही बसतो नि खिशात उरलेलाही. उर्दूत निदान आमदनी आणि मुनाफा असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, पण बोलताना तिथेही सर्रास घोळ होतो. २०१८च्या मार्चमध्ये पुण्याच्या येवले अमृततुल्यची ‘महिन्याला बारा लाखांची कमाई’ ही बातमी देशभर गाजली. ती वाचून किती जणांनी विचारलं की हे बारा लाख विक्रीचे की उरलेले? त्याच वर्षी जानेवारीत खुद्द पंतप्रधानांनी एका मुलाखतीत भजी विकून संध्याकाळी दोनशे रुपये घरी नेणाऱ्याचा दाखला रोजगार म्हणून दिला होता. भजीवाल्याच्या तेलाचा, बेसनाचा आणि उरलेल्या घाण्याचा हिशोब तेव्हाही कुणी विचारला नाही. गरिबाच्या धंद्याचं गणित करताना खर्चाची बाजू कोरी सोडायची आपल्याला सवयच लागली आहे.

तर हिशोब करू. एक मध्यम टपरी घेऊ, सकाळी सहा ते रात्री नऊ चालणारी. भाव मी नाशिकमधले, आजूबाजूचे धरले आहेत. तुमच्या गल्लीत दोन रुपये इकडेतिकडे असतील तर आकडे बदला, रीत बदलू नका.

पहिली गोष्ट, कपापासून सुरुवात करायची नाही. टपरीवाला कप बनवत नाही, तो पातेलं बनवतो. म्हणून आधी एका पातेल्याचा खर्च काढायचा आणि मग त्यातून खरोखर किती कप निघतात ते मोजायचं. आमच्या पातेल्यात दोन लिटर दूध आणि एक लिटर पाणी. दूध ६४ रुपये लिटर, म्हणजे १२८ रुपये. साखर ३०० ग्रॅम, ४४च्या भावाने सव्वातेरा रुपये. चहापत्ती ८० ग्रॅम, ३६० रुपये किलोची, म्हणजे २९ रुपयांच्या आसपास. आलं आणि वेलची मिळून दहा. बेरीज १८० रुपये. टपरीवाला साखर मुठीने आणि पत्ती डब्याच्या झाकणाने टाकतो, म्हणून निदान आठवडाभर तरी वजनकाट्यावर मोजून टाकायला सांगायचं. झाकणभर म्हणजे किती, हे त्याला स्वतःलाही तेव्हाच कळतं. आल्याचा आकडा तर दर महिन्याला नव्याने तपासावा, कारण आलं कधी मातीमोल असतं आणि कधी, २०२३सारखं, बाजारात हात लावू देत नाही.

आता कप. तीन लिटरचं पातेलं, ७० मिलीचा कप, म्हणजे ४३ कप, असं मोबाईलवाला म्हणेल. सातवीच्या वर्गातही मुलं हेच उत्तर देतात, आणि मी गुणही देतो, कारण पुस्तकातलं पातेलं उकळत नाही. खरं पातेलं उकळतं. दहा-पंधरा मिनिटांच्या उकळीत पाव-अर्धा लिटर पाणी वाफ होऊन जातं. वर ८० ग्रॅम पत्ती फुगून आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी स्वतःकडे ठेवते आणि गाळणीतून ते कचऱ्यात जातं. साखर विरघळून थोडी भर घालते, पण तेवढ्याने भरपाई होत नाही. शेवटी हातात येतो साधारण दोन लिटर ६०० मिली चहा. तळाचा गाळ आणि सांडलवंड वजा केली तर ३६ कप. १८० भागिले ३६, म्हणजे चहाचा एक कप नुसत्या मालात ५ रुपयांना पडला. तीन रुपये खर्च तिथेच संपला. अजून गॅस पेटलेला नाही आणि कागदाचा कप हातात घेतलेला नाही.

कुणी म्हणेल, दूध अर्धं पाणी अर्धं करा. करता येतं. दीड लिटर दुधात पातेल्यामागे ३२ रुपये वाचतात, कपामागे जेमतेम नव्वद पैसे. पण रोजचा रिक्षावाला तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गाडीवर दिसतो, आणि तो परत येत नाही.

दुधाच्या पाण्यापेक्षा जास्त पैसा जातो तो कपाच्या मापात, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. कप ८० मिलीचा आणि भरायचा ७० मिली, असं ठरलेलं असतं. घाईच्या वेळी पोऱ्या काठापर्यंत भरतो. दहा मिली काय, एक घोट! पण दिवसाच्या २६० कपांत तो घोट २ लिटर ६०० मिली होतो, म्हणजे बरोबर एक पातेलं. १८० रुपये रोज नुसते काठावरून जातात. हे तपासायला औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण पुरेसं आहे. गर्दीच्या वेळी भरलेले पाच कप बाजूला घ्या, मोजा आणि पाचने भागा. हा आकडा ७५च्या वर गेला तर दोष दुधाच्या भावाचा नाही, हाताचा आहे.

कागदी कप शंभरला पन्नास रुपये, म्हणजे नगाला पन्नास पैसे. पण २६० कप चहा विकायला २६० कप लागत नाहीत, ३०० लागतात. चहा गरम लागला म्हणून गिऱ्हाईक दोन कप एकात एक घालून मागतं, पार्सलवाला चार कप जास्त नेतो, वाऱ्याने दोन उडतात. दिवसाला दीडशे रुपये धरा. काचेचे ग्लास वापरले तर हे वाचतात, पण मग पाणी, घासणारा हात आणि फुटतूट आली. शिवाय कोरोनानंतर बरीच गिऱ्हाइकं ग्लास पाहून तोंड वाकडं करतात.

गॅसचा हिशोब बहुतेक जण अंदाजाने करतात, आणि हा अंदाज नेहमी कमी असतो. कारण ते फक्त उकळी आणायचा गॅस धरतात. तो फार नसतो. तीन लिटर उकळून आटवायला उघड्यावर, वाऱ्यात, साधारण शंभर ग्रॅम गॅस जातो, म्हणजे दहाएक रुपयांचा. आठ पातेल्यांचा झाला आठशे ग्रॅम. पण गिऱ्हाईक नसताना मंद आचेवर चहा गरम ठेवण्यात आणखी अर्धा किलो जातो, आणि तो कुणीच मोजत नाही. १९ किलोचा सिलिंडर दिवसाला १३०० ग्रॅमने साधारण १४ दिवस चालतो. त्याची किंमत १,८२० धरली तर रोजचे १३० रुपये. पक्कं करायचं असेल तर सिलिंडर लावला त्या दिवशी त्याच्यावरच मार्करने तारीख लिहा. संपला की दिवस मोजा. रिकाम्या टाकीचं वजन सिलिंडरवर कोरलेलं असतं, तेव्हा नवा आल्यावर काट्यावर ठेवून भरलेला गॅसही पाहता येतो. या सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. २०२२च्या मे महिन्यात दिल्लीत तो २,३५५ रुपयांवर गेला होता. तेव्हाही चहा मात्र दहाचा दहालाच होता. घरचा लाल सिलिंडर गाडीला लावून हा खर्च कमी करता येतो, असं सांगणारे भेटतील. तो गुन्हा आहे. ज्या दिवशी सिलिंडर जप्त होतो त्या दिवशी सहा महिन्यांची बचत जाते.

आता ज्या जागेवर मोबाईलचं गणित सपशेल झोपतं तिथे येऊ. दिवसाला आठ पातेली, म्हणजे २८८ कप बनले. पैसे किती कपांचे आले? रात्री भांडं विसळताना सरासरी १४ कप चहा ओतून द्यावा लागतो. आठ कप फुकट जातात: स्वतःचे, पोऱ्याचे, समोरच्या दुकानदाराचे आणि वर्दीतल्या साहेबांचे. सहा कप उधारीच्या वहीत जातात, तिथून बाहेर येत नाहीत. उरले २६०, म्हणजे गल्ला २,६०० रुपये. आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पाच-पाच लिटर दूध फाटतं. त्याचे ६४० रुपये २६ दिवसांत वाटले तर रोजचे २५.

गल्ला २,६००. वजा माल १,४४०, कप १५०, गॅस १३०, फाटलेलं दूध २५. उरले ८५५. आणि याला भागायचं ते २८८ने नाही, २६०ने. विकलेल्या कपामागे ३ रुपये २९ पैसे. सात कुठे आणि सव्वातीन कुठे!

मधला फरक नीट पाहा. न विकलेला कप हा ‘नफा बुडाला’ एवढ्यावर भागत नाही. त्याच्यात पाच रुपयांचा माल आणि वर गॅस गेलेला असतो. म्हणजे ओतून दिलेला एक कप विकलेल्या दीड कपाची कमाई खाऊन जातो. चौदा कप ओतले तर एकवीस-बावीस गिऱ्हाइकांची सेवा फुकट केली. पाठ्यपुस्तकात दुकानदार जेवढा माल आणतो तेवढा विकतो; नफा-नुकसानाच्या धड्यात, उर्दू असो की मराठी, संध्याकाळी उरलेलं काही नसतंच. पेनांच्या दुकानाला ते चालतं, उद्या विकता येतात. चहाला उद्या नसतो. थर्मासमध्ये ठेवला तरी दोन तासांत दूध शिजल्याचा वास येतो आणि पत्ती कडवट उतरते. काही जण तो सकाळच्या पातेल्यात ओततात. जीभ जळलेली नसेल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कळतं.

म्हणून खरा प्रश्न सरासरीचा नाही, शेवटच्या पातेल्याचा आहे. रात्री आठ वाजता दोन माणसं उभी आहेत, पातेलं रिकामं आहे. टाकायचं का? माल १८० आणि गॅस दहा, म्हणजे १९० रुपये आत्ताच गेले. विकलेल्या प्रत्येक कपाचे, कागदी कप वजा जाता, साडेनऊ रुपये येतील. १९० भागिले साडेनऊ, बरोबर वीस. म्हणजे पातेल्यातले वीस कप खपले तर फक्त पैसे निघाले. एकविसाव्या कपापासून कमाई. दहाच कप गेले तर ९५ रुपये घरातून घातले. रात्री आठनंतर वीस गिऱ्हाइकं येतात का, हे आठवडाभर खडूने रेघा मारून मोजा. येत नसतील तर एक तर अर्धं पातेलं टाका, दहा कपांत सुटेल, नाही तर सरळ आवरा. ‘गिऱ्हाईक परत जाऊ नये’ म्हणून पूर्ण पातेलं टाकणारा धंद्याला इमानदार वाटतो, पण तो दोन गिऱ्हाइकांना आपल्या खिशातून पाजत असतो.

हा वेळेचा हिशोब जागेप्रमाणे बदलतो. जुन्या नाशकात रमजानच्या महिन्यात दिवसाची विक्री कोसळते आणि तरावीहनंतर, दहा-अकराला, एकदम गर्दी उसळते. तिथला टपरीवाला सकाळची चार पातेली सवयीने टाकत राहिला तर महिनाभर ओतत बसेल. तीच रात्रीकडे सरकवली तर वर्षातला चांगला महिना होतो. नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर हिशोब गाड्यांच्या वेळेवर आणि कॉलेजजवळ परीक्षेच्या वेळापत्रकावर. पावसाळ्यात आठाची दहा पातेली होतील, एप्रिल-मेच्या दुपारी दोन वाजता एकही नको. एका चांगल्या दिवसाला तिसाने गुणून महिना काढणाऱ्याने मे महिना पाहिलेला नसतो.

आता ते ८५५ घेऊन घरी जाऊ, तर रस्त्यात आणखी दोघे उभे आहेत. पाण्याचे दोन जार, ६० रुपये. ज्याच्या दुकानासमोर गाडी लागते त्याचे रोजचे १००. उरले ६९५. महिन्यात २६ दिवस धंदा झाला तर १८ हजारांच्या आसपास. हातगाडीची दुरुस्ती, फुटलेलं बर्नर, अतिक्रमणवाल्यांची गाडी आली त्या दिवसाचा खाडा हे मी धरलेलंच नाही. आणि हे काम एका माणसाचं नाही. पहाटे दूध आणणारा, आलं कुटणारा, कप पोहोचवणारा दुसरा हात लागतोच. बहुतेकदा तो भाऊ किंवा पुतण्या असतो, म्हणून त्याचा पगार हिशोबात येत नाही. दोघांचे पंधरा-पंधरा तास म्हणजे तीस तास. ६९५ भागिले ३०, तासाला २३ रुपये. त्रेसष्ट हजारवाल्याला कुणीतरी हे विचारा, की तू तासाला तेवीस रुपयांवर पहाटे साडेपाचला उभा राहशील का?

चहाचा धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. अठरा हजारांत या शहरात पुष्कळ घरं चालतात, मुलं शिकतात. माझ्या वर्गात बसतात. माझा राग आहे तो सात रुपये सांगणाऱ्यांवर, कारण त्यांच्या आकड्यावर लोक कर्ज काढतात. लाखो रुपये घेऊन बोर्ड, रंग आणि मसाल्याची पुडी देणारे फ्रँचायझीवाले हाच आकडा पुढे करतात. आणि याच आकड्यामुळे गिऱ्हाईकही दहाचा बारा केला की टपरीवाल्यावर ‘लुटता का’ म्हणून डोळे वटारतं.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं दीड लाखाचं गणित आम्ही असंच मांडलं. बाजारातून शेकडा दोन रुपये महिन्याने घेतले तर व्याज महिन्याला ३,०००, म्हणजे धंद्याच्या एका दिवसाला ११५. मुद्दल वर्षात फेडायची तर महिन्याला साडेबारा हजार, दिवसाला ४८०. ६९५ मधून हे दोन्ही वजा केले तर दोन माणसांना पंधरा तासांनंतर १०० रुपये उरतात. व्याज नको म्हणून मामाकडून बिनव्याजी घेतले तरी २१५च. २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्याला पहिलं कर्ज दहा हजारांचं ठेवलं होतं. तो आकडा तेव्हा अनेकांना तोकडा वाटला. पण सव्वातीन रुपयांच्या कपाला झेपेल असा बोजा त्याच्याच आसपास आहे, हे या हिशोबात दिसतं.

मग आम्ही दुसरं एक पान काढलं. जुनी गाडी, नवा बोर्ड नाही, आणि धंदा फक्त सकाळी सहा ते बारा. चार पातेली, १४४ कप. सकाळचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, म्हणून वाया जाणारे सहाच धरले. विकले १३८, गल्ला १,३८०. माल ७२०, कप ७५, गॅस ६५, फाटलेल्या दुधाचे दहा, उरले ५१०. पाण्याचा एक जार ३० आणि जागेचे शंभर जाऊन ३८०. विकलेल्या कपामागे सव्वातीनच्या जागी ३ रुपये ७० पैसे, आणि दोघांच्या बारा तासांना तासाला ३२ रुपये. दुपारनंतर पुतण्या आयटीआयला जाऊ शकतो, आणि हा कुठे गॅरेजला लागू शकतो. जागेचे शंभर अर्ध्या दिवसासाठी पन्नास होतात का, हे विचारायला तो उद्या दुकानदाराकडे जाणार आहे.